पाठ-टाचणातला पोळा आणि वावरातले साल

काही महिन्यांपूर्वी एक पाठ-टाचण माझ्या हाती आले. इयत्ता आठवी, विषय सामाजिक शास्त्रे, घटक ‘विविध समाजांतील सुगीचे व नववर्षाचे सण : एक तुलना’, तासिका दोन. लिहिणारा माझ्यासारखाच वर्धा जिल्ह्यातला एक माध्यमिक शिक्षक आहे. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण प्रश्न एका शिक्षकाचा नाही. ही दृष्टी आपल्या अध्यापक विद्यालयांतून, पाठ्यपुस्तकांतून आणि स्नेहसंमेलनांतून घडत आली आहे. तो शिक्षक प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे. त्याने तक्ता स्वतः रंगवला आहे. म्हणूनच त्या टाचणाची गंभीरपणे चिकित्सा करावी असे मला वाटले.

तक्त्यात सहा रकाने आहेत : समाज, सण, महिना, पदार्थ, पोशाख आणि संदेश. हिंदूंपुढे गुढीपाडवा आणि पोळा आहेत. शिखांपुढे बैसाखी, तमिळांपुढे पोंगल, मल्याळींपुढे ओणम, मुस्लिमांपुढे ईद, बौद्धांपुढे बुद्धपौर्णिमा आणि आदिवासींपुढे ‘नृत्य’ असा शब्द आहे. सणाचे नावच नाही. पदार्थांत पुरणपोळी, शिरखुर्मा, खीर. शेवटच्या रकान्यात सर्वांना मिळून एकच कंस घातला आहे आणि त्यात लिहिले आहे : एकात्मता. गृहपाठ असा आहे : ‘तुमच्या घरी गुढी कशी उभारतात, ते दहा ओळींत लिहा.’

जुन्या अध्यापनशास्त्रात हर्बार्टच्या पाच पायऱ्या शिकवीत असत. पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन. प्रस्तुत टाचण दुसऱ्या पायरीवरून थेट चौथीवर उडी मारते. त्याच्या शीर्षकात तुलना आहे, परंतु पाठात ती कोठेही होत नाही. तुलना करायची तर दोन गोष्टी ज्या मापाने मोजायच्या ते माप आधी ठरवावे लागते. पुरणपोळी आणि शिरखुर्मा शेजारी ठेवल्याने दोन्ही गोड आहेत एवढेच कळते. माप ठरवले नाही की निष्कर्ष आधीच ठरलेला असतो आणि उदाहरणे त्याच्या सोयीने गोळा केली जातात.

या तक्त्यात ते माप नाही हे एका जागी अगदी उघड दिसते. ईद सुगीच्या सणांत बसवली आहे. 2025 साली पाडवा 30 मार्चला आणि रमजान ईद 31 मार्चला आली, म्हणून शिक्षकाला ते सहज वाटले असावे. पण 2016 साली हीच ईद जुलैच्या पहिल्या आठवड्यात होती. तेव्हा आपल्याकडे पेरण्या चालू होत्या, सुगीचा पत्ता नव्हता. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र आहे, सुमारे 354 दिवसांचे. ते सौर वर्षापेक्षा दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. त्यामुळे हिजरी पंचांगातला कोणताही सण पिकाला बांधलेला राहूच शकत नाही. मुस्लिमांचे नववर्ष दाखवायचे तर मोहरमचा पहिला दिवस दाखवायला हवा होता. पाडवा असा फिरत नाही, कारण आपल्या पंचांगात सुमारे दोन वर्षे आठ महिन्यांनी अधिकमास घालून चांद्र वर्ष ऋतूशी जुळवून घेतात. 2023 साली अधिक श्रावण आला म्हणून पोळा 14 सप्टेंबरला गेला, तर 2025 साली तो 22 ऑगस्टला आला. पोंगल आणि बैसाखी सूर्याच्या संक्रमणावर चालतात, म्हणून त्यांची तारीख जवळजवळ स्थिर असते. आठवीच्या मुलाला हे गणित उत्तम समजते. आकाश, पंचांग आणि पीक यांचा संबंध त्यातून खरोखर उलगडला असता. टाचणाला मात्र प्रत्येक धर्माचा एकेक सण हवा होता. धर्माची चौकट भरली की त्याचे काम संपले.

आता पोळ्याकडे येतो, कारण आपल्या जिल्ह्याचा प्रश्न तिथे आहे.

टाचण म्हणते, पोळा हा सुगीचा सण. वर्धा जिल्ह्यात श्रावणी अमावस्येला वावरात काय असते? कपाशीला पात्या-फुले लागलेली असतात, सोयाबीन शेंगेवर असते, तूर नुसती वाढत असते. घरात नवा दाणा आलेला नसतो. उलट मागच्या वर्षीचे धान्य संपत आलेले असते आणि मजुराच्या घरी हे वर्षातले सर्वांत तंगीचे दिवस असतात. पोळा हा सुगीचा सण नाही. पेरणी आणि डवरणी यांचा मोठा रेटा ओसरल्यावर बैलाला मिळणारी ती विश्रांती आहे. आदल्या दिवशी बैलाचे खांदे लोणी-हळद लावून शेकतात, कारण जुवाने ते सोललेले असतात. सणाचे मूळ त्या सोललेल्या खांद्यात आहे. म्हणजे पोळा हा श्रमाचा सण आहे, आणि श्रमाचा सण म्हटले की पहिला प्रश्न येतो : कोणाच्या श्रमाचा?

बैल पाटलाचा असतो. परंतु वर्षभर त्याला चारा-पाणी करणारा, पहाटे उठून शेण काढणारा, तासामागे चालणारा सालदार असतो. पोळ्याच्या दिवशी बैलाला नदी-नाल्यावर नेऊन धुणारा तोच. शिंगे रंगवून बेगड लावणारा, नवी वेसण, नवा कासरा, झूल, घुंगरांच्या माळा चढवणारा तोच. बैल आखरावर तोरणाखाली आणून उभा करणाराही तोच. तिथे झडत्या होतात. त्यानंतर तोरण तोडून पोळा फोडण्याचा मान मात्र मानवाईकाचा, म्हणजे पाटलाचा किंवा गावातल्या मोठ्या घराचा असतो. मग बैल घरोघर फिरवतात, पूजा होते आणि बैल आणणाऱ्याच्या हातावर ‘बोजारा’ ठेवतात, म्हणजे काही पैसे.

या सगळ्यात कोणाला काय मिळते ते पाहा. बैलाला पुरणपोळी मिळते, धन्याला मान मिळतो आणि सालदाराला बोजारा मिळतो. तिघांचे कष्ट आणि तिघांचा वाटा यांचे प्रमाण मुलांपुढे मांडणे यालाच मी तुलना म्हणतो. टाचणातल्या पोळ्यात शेतकरी आहे, बैल आहे, कृतज्ञता आहे. सालदार नाही. वर्धा हा जुन्या मध्यप्रांतातला मालगुजारीचा जिल्हा. मालगुजारी कायद्याने 1951 साली संपली. पण तोरण तोडण्याचा मान पुष्कळ गावांत त्याच घराण्याकडे राहिला. कायदा सातबाऱ्यावर पोहोचला तरी आखरावरच्या तोरणापर्यंत पोहोचला नाही, हे नागरिकशास्त्राच्या शिक्षकाला सांगता येऊ नये काय?

दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याचे टाचणात सुंदर वर्णन आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) येथला तान्हा पोळा प्रसिद्ध आहे, तेव्हा तो यायलाच हवा. लाकडी बैलांवर मुले जीव टाकतात आणि तो आनंद खोटा नाही. पण लाकडी बैलाला दावणीची गरज नसते. त्याचे शेण काढावे लागत नाही आणि मेल्यावर त्याला गावाबाहेर ओढून नेण्यासाठी कोणाला बोलवावे लागत नाही. आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीला पोळ्याला पूजलेला बैल पुढे कधी तरी ओढून न्यावाच लागे आणि त्या कामानेच त्यांना अपवित्र ठरवले जाई. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले आणि पुढे गावोगाव ढोर ओढण्याचे काम नाकारले गेले. बैलाविषयीच्या कृतज्ञतेचा धडा देताना या नकाराचा इतिहास वगळला, तर तो धडा अर्धाच राहतो. नकार देणाऱ्यांची पणतवंडे त्याच वर्गात बसलेली असतात.

नववर्षाच्या भागात टाचण अधिकच भाबडे होते. चैत्र शुद्ध प्रतिपदा म्हणजे मराठी माणसाचे नववर्ष, एवढे ते सांगते. हा पाठ मी माझ्या वर्गावर घेऊन पाहिला तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, पाडव्याले आमच्या बाबाचं साल सरते.’’

पाठ तिथे थांबला आणि मला वाटते तिथेच सुरू झाला. आपल्या भागात सालदाराचे साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत असते. त्या दिवशी जुना हिशेब होतो. घेतलेली उचल, पडलेले खाडे वजा होतात. धान्य किती, रोख किती हे ठरते. मग साल पुन्हा धरायचे की मोडायचे, याचा निर्णय होतो. हा दिवस पाडव्याचाच का, याचे कारण पंचांगात सापडत नाही, ते वावरात सापडते. चैत्रापर्यंत गहू-हरभरा निघालेला असतो, कपाशीची शेवटची वेचणी आटोपून पऱ्हाट्या उपटलेल्या असतात. वावर रिकामे असते. आता उन्हाळी नांगरणी-वखरणी सुरू व्हायची असते आणि धन्याला वर्षभराचा माणूस लागतो. सालदाराची निकडही तेव्हाच सर्वांत जास्त असते, कारण पुढे दोन-अडीच महिने रोजाची कामे नाहीत आणि मागची उचल फिटलेली नाही. म्हणून सौदा त्या दिवशी होतो. एका घरावर गुढी उभी राहते तेव्हा दुसऱ्या घरचा माणूस ओसरीबाहेर हिशेबाला उभा असतो. दोघांचेही नववर्ष तेच आहे. दोघे ते वेगवेगळ्या जागी उभे राहून पाहतात.

मग मी फळ्यावर विचारले : आपल्या गावात वर्ष किती वेळा बदलते? मुलांनी मोजले. सालदाराचे पाडव्याला. सरकारचे 1 एप्रिलला. शाळेचे जूनअखेर, कारण विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडते. कापसाच्या व्यापाऱ्याचे दिवाळीला, वहीपूजनाच्या वेळी. हिंगणघाटच्या बाजारात नवा कापूस त्याच सुमारास येऊ लागतो. ज्याचा हिशेब जेव्हा उघडतो, त्याचे वर्ष तेव्हा सुरू होते. हा नियम मुलांना मी सांगितला नाही. चार तारखा समोर आल्यावर त्यांनीच तो काढला. हर्बार्टची चौथी पायरी, सामान्यीकरण, ती हीच. तिसरी पायरी नीट चढल्याशिवाय ती येत नाही.

पोळा सुगीचा नाही, तर आपल्या जिल्ह्यात सुगीचा सण कोणता? हा प्रश्न मी मुलींना विचारला, कारण उत्तर त्यांच्याकडेच होते. कपाशीची पहिली वेचणी करताना वावरात सीतादही करतात. दहीभात घेऊन वावरात पूजा होते, तो कपाशीवर शिंपडतात आणि मग वेचणीला हात लागतो. एक मुलगी म्हणाली, ‘‘सीतादही माय करते, पण वावर आमचं नाही.’’ या एका वाक्यात जे आहे ते तक्त्याच्या सहा रकान्यांत नाही. सुगीचा हा विधी वेचणारणीच्या हातून होतो आणि बोंडे दुसऱ्याच्या घरी जातात.

इथे मी गणित घातले. समजा, वेचणीचा दर किलोला 10 रुपये आहे आणि एका बाईने दिवसभरात 40 किलो कापूस वेचला. तिचे 400 रुपये झाले. एक क्विंटल वेचायला 1000 रुपये लागले. 2024-25 च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7121 रुपये होता. मग मुलांनीच विचारले, उरलेले सगळे धन्याला राहतात काय? नाही. त्यातून बियाणे, खत, फवारणी, निंदण, वाहतूक आणि कर्ज जाते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती पुष्कळदा काहीच राहत नाही. हे सांगणे आवश्यक होते. नाही तर पाठाचा शेवट गावातल्या छोट्या कास्तकाराच्या द्वेषात झाला असता आणि तोही खोटाच निष्कर्ष ठरला असता.

आदिवासींच्या रकान्यात ‘नृत्य’ लिहिण्याचा दोष याच जातीचा आहे. गोंडांमध्ये नवे धान्य आधी देवाला व पूर्वजांना दिल्याशिवाय खायचे नाही, असा ‘नवा खाण्या’चा विधी आहे. सुगीचा सण या शब्दाला सर्वांत चपखल बसणारे उदाहरण तेच. ज्यांच्याकडे खरा सुगीचा सण आहे त्यांच्यापुढे ‘नृत्य’ आणि ज्यांचा सण ऋतूला बांधलेलाच नाही त्यांच्यापुढे सुगी. पाहणारा सभागृहात बसून पाहतो, वावरात जाऊन पाहत नाही, म्हणून असे होते.

आता बौद्धांचा रकाना. तिथे बुद्धपौर्णिमा आणि खीर आहे. पण बुद्धपौर्णिमा सुगीची नाही, नववर्षाचीही नाही. टाचणकाराला बौद्धांसाठी काही तरी लिहायचे होते, त्याने लिहिले. खरे तर तुलनेचे फार मोठे उदाहरण त्याच्या तक्त्यातच पडून होते. बैसाखी हा पंजाबातल्या रब्बीच्या सुगीचा दिवस. 1699 साली त्याच दिवशी गुरू गोविंदसिंगांनी खालशाची स्थापना केली आणि वेगवेगळ्या जातींतल्या पाच जणांना एकाच पात्रातून अमृत दिले. दसरा हा इकडे खरिपाच्या सुगीच्या तोंडावरचा दिवस, शस्त्रपूजेचा आणि सीमोल्लंघनाचा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, त्या वर्षीच्या विजयादशमीला, बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या दिवसाला अशोक विजयादशमी म्हणून त्यांनी वेगळा अर्थ दिला. ऋतूचा एक जुना दिवस घेऊन त्यावर जातीची उतरंड नाकारणारी प्रतिज्ञा उभी करणे, हे दोन्ही ठिकाणी घडले. फरकही आहे. पंजाबात शेतकऱ्यांचा सण कायम राहिला आणि त्याला नवा अर्थ जोडला गेला. आमच्याकडे जुना अर्थ सोडून दिला गेला, कारण त्या जुन्या सणात आमची जागा वेशीबाहेर होती. साम्य आणि फरक दोन्ही सांगितले की तुलना पूर्ण होते. टाचणात बैसाखीपुढे ‘भांगडा’ लिहिले आहे.

आणि या बावीस प्रतिज्ञांच्या घरातल्या मुलाला गृहपाठ काय, तर तुमच्या घरी गुढी कशी उभारतात ते लिहा. तो मुलगा तीनपैकी एक गोष्ट करतो. शेजाऱ्याचे पाहून खोटे लिहितो, वही कोरी ठेवतो, किंवा ‘आमच्याकडे उभारत नाहीत’ असे लिहून वर्गात एकटा पडतो. ख्रिस्ती मुलाचेही तसेच, मुस्लिम मुलाचेही तसेच. एकात्मतेच्या धड्याने वर्ग असा दोन भागांत विभागला जातो आणि शिक्षकाला त्याची खबरही नसते. ‘तुमच्या घरी’ या दोन शब्दांत हा घोटाळा आहे.

यात माझीही चूक झाली, ती सांगितली पाहिजे. सालाचा विषय निघाला तेव्हा उत्साहाच्या भरात मी त्या मुलाला उभे करून विचारले, बाबांचे साल कितीचे? तो गप्प झाला. त्याच वर्गात त्याच्या बापाच्या धन्याचा मुलगा बसला होता. मी पाठ शिकवीत होतो आणि त्या मुलाची ओसरीबाहेरची जागा वर्गात पुन्हा आखून देत होतो. दुसऱ्या तासाला मी पद्धत बदलली. प्रश्न ‘तुमच्या घरी’ असा न ठेवता ‘आपल्या गावात’ असा ठेवला, नाव न घालता चिठ्ठीवर उत्तरे मागितली आणि रकमा नेहमी ‘समजा’ म्हणून मीच दिल्या. तेव्हा चिठ्ठ्या भरभरून आल्या.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की टाचण फेकून देऊ नये, त्याचे रकाने बदलावेत. पदार्थ, पोशाख आणि संदेश काढून टाकावेत. त्यांच्या जागी चार रकाने घ्यावेत. त्या दिवशी वावरात काय असते? त्या दिवसाआधीचे काम कोणी केले? त्या दिवशी मान कोणाला आणि वाटा कोणाला? त्या दिवशी कोणाचा हिशेब उघडतो किंवा मिटतो? डावीकडे सण लिहावेत, धर्म लिहू नयेत. पहिल्या तासाला पोळा, पाडवा, सीतादही आणि नवा खाणे हे चारच घ्यावेत, कारण मुले त्यांची साक्ष देऊ शकतात. दुसऱ्या तासाला बैसाखी, पोंगल आणि दसरा घेऊन तेच चार प्रश्न विचारावेत. ईद या तक्त्यात येणार नाही. तिच्यासाठी चांद्र वर्षाचा वेगळा पाठ करावा, तो तिचा खरा सन्मान होईल. गृहपाठ एकच : गावातल्या एका वयस्क माणसाला किंवा बाईला विचारून, गेल्या पन्नास वर्षांत यातला कोणता मान कोणाकडून कोणाकडे गेला, ते लिहून आणा.

ही दृष्टी नवी नाही. महात्मा फुल्यांनी 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पहिल्याच प्रकरणात वर्षभराचे सण ओळीने घेतले आहेत आणि प्रत्येक सणाला शेतकऱ्याच्या घरातून काय जाते व कोण नेतो, याचा हिशेब मांडला आहे. सणांचा तुलनात्मक पाठ मराठीत तिथेच मिळतो. याच वर्ध्यात 1937 च्या ऑक्टोबरात नव्या शिक्षणाची परिषद भरली आणि हाताच्या कामातून सगळे ज्ञान द्यावे, असा समवायाचा विचार पुढे आला. त्या विचारातले काम हळूहळू गळाले आणि सण तेवढे उरले. फुल्यांचा हिशेब तर वर्गात कधी आलाच नाही.

त्या शिक्षकाला मी हे सर्व सांगितले. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, तपासणीला साहेब आले तर त्यांना रंगीत तक्ता लागतो.’’ त्याचे म्हणणे खरे आहे. मी त्याला म्हणालो, तक्ता रंगीतच राहू दे, पण बैलाच्या शेजारी कासरा धरलेला माणूस काढ. साहेबांनी हा कोण म्हणून विचारले, तर उत्तर वर्गातली मुले देतील.